एक दिवाळी, नव्वद पत्ते

२०२५ ची दिवाळी आठवून पाहा. चेन्नईत २० ऑक्टोबरच्या पहाटेच तेल लावून स्नानं झाली, नवे कपडे अंगावर चढले. तिकडची दीपावली म्हणजे मुख्यतः नरकचतुर्दशीची पहाट. त्याच रात्री कोलकात्यात कालीपूजा झाली आणि अहमदाबादेत दिवाळीचे दिवे लागले. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन मात्र २१ तारखेला दिलं होतं, आणि शेअर बाजारातले मुहूर्ताचे सौदेही २१ च्या दुपारी झाले. गुजराती व्यापाऱ्यांचं नवं वर्ष, विक्रम संवत २०८२, उजाडलं २२ तारखेला. मधला २१ चा दिवस त्यांच्याकडे पडतर होता; 'धोको' म्हणतात ते त्याला.

आता भोसरीतला एखादा कारखानदार डोळ्यांपुढे आणा. २१ ला सकाळी चहा घेताघेता त्याने लक्ष्मीचं एक चित्र निवडलं, खाली कंपनीचं नाव टाकलं आणि फोनमधल्या सगळ्या धंद्याच्या माणसांना पाठवून दिलं. चेन्नईच्या डीलरची दिवाळी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. अहमदाबादच्या पोलाद व्यापाऱ्याला ज्या दिवशी शुभेच्छा हव्या होत्या तो दिवस अजून यायचा होता. श्टुटगार्टच्या खरेदी अधिकाऱ्याला चित्राचा अर्थ कळला नाही, आणि कळायला हवी होती ती गोष्ट, म्हणजे कारखाना किती दिवस बंद आहे, ती त्यात नव्हती. सांगलीच्या जुन्या गिऱ्हाइकाची आई श्रावणात गेली होती. त्यांच्या घरी यंदा सणच नव्हता. कारखानदाराच्या मनात सगळ्यांविषयी आपुलकी होती, पण ती पोचली फार थोड्यांपर्यंत.

हा कारखाना मी उदाहरणादाखल घेतला आहे, पण पुणे, नाशिक, कोल्हापूर, वेर्णे, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असे कारखाने आहेत. प्रेसवर सुटे भाग काढणारी पंचवीस-तीस माणसं, आणि नव्वदेक पत्ते: मोठ्या वाहन कंपनीचा खरेदी विभाग, परदेशी गिऱ्हाईक, पत्रा पुरवणारे, प्लेटिंग करून देणारे, खोकी बनवणारे, ट्रान्सपोर्टवाले, बँक, सीए. या नव्वद जणांना दिवाळीला काय लिहायचं, केव्हा, आणि कुणाला वेगळं लिहायचं, तेवढंच या लेखात पाहू.

सुरुवात मजकुरापासून करू नये, यादीपासून करावी. बहुतेक ठिकाणी यादी असतेच, पण तिच्यात नाव आणि नंबर एवढंच असतं. तिला आणखी चार रकाने जोडायचे. हा माणूस कोणत्या भाषेत आपल्याशी बोलतो. त्याचे स्वतःचे सण कोणते, पण ते त्याने किंवा त्याच्या माणसांनी सांगितले असतील तरच. यंदा त्याच्या घरी काही दुःखद घडलं आहे का. आणि त्याच्या कंपनीचा भेटवस्तूंबाबत काही नियम आहे का. ही माहिती मालकाकडे क्वचितच पूर्ण असते. ती असते डिस्पॅच बघणाऱ्याकडे, हिशेब लिहिणाऱ्या बाईंकडे, गाडीच्या ड्रायव्हरकडे. दसऱ्यानंतर एका दुपारी या तिघांना घेऊन तासभर बसलं तर यादी भरून निघते. मात्र ती त्यांच्यापुरतीच ठेवायची. कुणाचा धर्म, कुणाच्या घरचं दुःख, हे रकाने ऑफिसभर फिरवायचे नसतात.

दुसऱ्या रकान्यात एक धोका आहे. आडनावावरून सण ठरवायचा मोह होतो, आणि महाराष्ट्रात आडनाव हमखास फसवतं. सांगली-कोल्हापूरकडचे कितीतरी पाटील जैन आहेत. कोकणात देशमुख आडनावाची मुसलमान घराणी आहेत. अहिल्यानगर, जालना भागात मराठी ख्रिस्ती कुटुंबांची आडनावं शेजारच्या हिंदू कुटुंबांसारखीच असतात. विदर्भात एकाच आडनावाचे दोन गिऱ्हाईक, एक बौद्ध आणि एक हिंदू, सहज भेटतील. म्हणून जे ठाऊक नाही तो रकाना कोरा ठेवावा. कोऱ्या रकान्यालाही चांगलं पत्र लिहिता येतं. ते कसं, ते पुढे येईलच.

इथे एक वाद मिटवून घेतला पाहिजे. सगळे धर्म, सगळे प्रांत यादीत आहेत म्हटल्यावर 'दिवाळी' हा शब्दच गाळावा, 'सणासुदीच्या शुभेच्छा' असं काहीतरी मोघम लिहावं, असा सल्ला हल्ली मोठ्या कंपन्यांतून खाली झिरपला आहे. मला तो पटत नाही. भिवंडीच्या मुसलमान ट्रान्सपोर्टवाल्याला दिवाळी आहे हे पुरतं ठाऊक असतं; त्याच्या गाड्या त्या आठवड्यात तिप्पट धावलेल्या असतात. त्याच्यासाठी म्हणून शब्द गाळला तर उलट त्याला बाजूला काढल्यासारखं होतं. अडचण दिवाळीच्या नावात नसते. समोरच्याच्या घरी काय चालतं हे आपणच ठरवून टाकतो, तिथे ती असते. 'माता लक्ष्मी आपल्या घरी अखंड वास करो' या वाक्यात आपण त्याच्या घरात शिरतो आणि तिथे आपलं दैवत बसवतो. त्याऐवजी आपण आपल्या घराविषयी बोलावं आणि त्याचं भलं चिंतावं. 'आमच्याकडे दिवाळी आहे' हे वाक्य कुणालाही खुपत नाही. त्यानंतर त्याच्यासाठी आरोग्य, बरकत, घरच्यांचं सुख मागितलं की ते कुणालाही घेता येतं, मग तो कोणत्याही देवाला मानत असो किंवा कुठल्याच नसो.

त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं पत्र असं होऊ शकेल:

'भाईसाहब, नमस्कार. आमच्याकडे दिवाळी आहे. जुलैत घाट बंद पडला तेव्हा तुमच्या ड्रायव्हरने रात्रभर थांबून माल पोचवला, ते आम्ही विसरलेलो नाही. कारखाना १८ ते २४ ऑक्टोबर बंद आहे. शेवटची गाडी १७ ला दुपारी भरू. तुम्हाला, घरच्यांना आणि सगळ्या ड्रायव्हर मंडळींना आमच्या सर्वांकडून शुभेच्छा.'

या मजकुराला ऊब आली ती घाटाच्या वाक्यामुळे. दिव्यांची, तेजाची, मांगल्याची पाच विशेषणं घालून ती येत नाही, कारण ती विशेषणं नव्वद जणांना सारखीच जातात आणि घेणाऱ्यालाही ते कळतं. वर्षभरात दोघांमध्ये घडलेली एकच खरी गोष्ट, एका वाक्यात. आणि नव्वदांपैकी निदान तीस-चाळीस जणांसाठी ती लिहिता आली पाहिजे. कुणासाठी सुचतच नसेल तर त्याचं कारण बहुधा असं असतं की त्याच्याशी वर्षभरात कुणी नीट बोललेलंच नाही. मग त्याला साधा, छोटा मजकूर पुरतो.

मात्र हे वाक्य धंद्याचं असल्यामुळे त्याला कुंपण लागतं. दर, ऑर्डरची संख्या, नव्या भागाचं नाव, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा उल्लेख, यांतलं काहीही शुभेच्छांत येता कामा नये, कारण असे मेसेज पुढे पाठवले जातात, ऑफिसच्या ग्रुपवर पडतात. 'तुमचा नवा भाग वेळेत काढून दिला' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी गिऱ्हाइकाचं गुपित फोडू शकतं. तसंच कामाची मागणी नको, नव्या मशीनची जाहिरात नको, आणि उधारीची आठवण तर मुळीच नको. दिवाळीपूर्वी येणं वसूल करायची रीत जुनीच आहे, कारण पगार आणि बोनस त्यावर अडलेले असतात. पण ती आठवण दसऱ्याच्या आसपास, वेगळ्या पत्राने, हिशेब बघणाऱ्या माणसाच्या सहीने जावी. एकाच मेसेजात शुभेच्छा आणि 'कृपया बाकी रक्कम' आली की वाचणारा दुसरंच लक्षात ठेवतो.

आता यादीतले काही पत्ते वेगळे काढून पाहू.

अहमदाबादच्या व्यापाऱ्याला पाडव्याच्या सकाळी 'साल मुबारक' गेलं पाहिजे. त्यांचं व्यापारी वर्ष त्या दिवशी सुरू होतं, चोपडापूजन होऊन नव्या वह्या उघडलेल्या असतात, आणि पुढचे काही दिवस पेढी बंद असते; बरेच जण लाभपंचमीला पुन्हा मुहूर्ताने व्यवहार सुरू करतात. म्हणून त्यांच्याकडून पत्रा हवा असेल तर चौकशी लाभपंचमीनंतर करावी, पाडव्याच्या फोनवर नव्हे. हीच तारीख २०२६ मध्ये १० नोव्हेंबरला येते, आणि त्या वर्षी पडतर दिवस आपल्याकडेही आहे: लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला, मध्ये एक दिवस मोकळा, पाडवा १० ला. चेन्नईची दीपावली आणि आपलं लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच तारखेला पडतं. दरवर्षी हे बदलतं, म्हणून यादी करतानाच पंचांग उघडून तारखा लिहून ठेवाव्यात.

व्यापाऱ्यांतले पुष्कळसे जैन असतात. त्यांच्यासाठी दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे आणि वीर निर्वाण संवत त्यानंतर सुरू होतो. त्यांना लक्ष्मीचं चित्र खटकेल असं नाही, कित्येक जैन पेढ्यांवर लक्ष्मीपूजन होतंच. पण 'महावीर निर्वाण कल्याणकाच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा' असं लिहिलं की त्यांना कळतं, या माणसाने आपली चौकशी केली आहे. शीख गिऱ्हाइकाच्या बाबतीत तोच दिवस बंदीछोड दिवस आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून गुरू हरगोबिंद यांची सुटका झाली, आणि त्यांच्याबरोबर बावन्न राजेही सुटले, त्याची ती आठवण.

पिंपरीचे खोकीवाले बौद्ध आहेत, असं धरू. त्यांच्यापुरता खरा प्रश्न दिवाळीचा नाही, दसऱ्याचा आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. आपण खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना रामाने रावणावर बाण रोखलेलं चित्र पाठवतो, त्याच दिवशी त्यांच्या घरची माणसं दीक्षाभूमीवर असतात. त्या दिवशी त्यांना 'धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना' एवढंच लिहावं. 'जय भीम' आपल्या दोघांत एरवी म्हटलं जात असेल तर जरूर म्हणावं. फक्त सणापुरतं उसनं आणलेलं ते ऐकणाऱ्याला जाणवतं. आणि दिवाळीला? काही बौद्ध घरांत दिवे लागतात, काहींत ठरवून लागत नाहीत. तिथे 'आमच्याकडे दिवाळी आहे' हाच मजकूर चालतो. तो त्यांच्या घराविषयी काहीच गृहीत धरत नाही.

वेर्ण्याचं गिऱ्हाईक गोव्यातलं ख्रिस्ती कुटुंब आहे. गोव्यात या देवघेवीची घडी फार पूर्वीपासून बसलेली आहे. नरकासुर जाळून झाल्यावर हिंदू घरांत फोव, म्हणजे पोह्यांचे नाना प्रकार होतात आणि शेजारीपाजारी ते खायला येतात. नाताळात ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाची ताटं हिंदू शेजाऱ्यांकडे जातात. त्या माणसाला दिवाळीचं पत्र आलं नाही तर आश्चर्य वाटेल, आणि नाताळाचं आलं नाही तर वाईट वाटेल. सर्वांना सामावून घेणं म्हणजे आपल्या सणाला त्यांना धरणं, आणि त्यांच्या सणाला आपण जागं असणं. यादीत दुसरा रकाना मुळात त्याचसाठी आहे. भिवंडीच्या मित्राला ईदेला फोन गेला नाही तर दिवाळीचं ते सुंदर पत्र एकतर्फी राहतं.

ईदेबद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. ती चंद्रावर ठरते, त्यामुळे आदल्या आठवड्यात वेळ लावून ठेवलेला मेसेज एक दिवस आधीच जाऊन पडू शकतो. चंद्र दिसल्याची खात्री झाल्यावरच पाठवावा. दुसरं, मुहर्रमचा दहावा दिवस, आशुरा, हा शोकाचा आहे. सुट्टीच्या यादीत दिसला म्हणून 'शुभेच्छा' पाठवायच्या नसतात. गुड फ्रायडेही तसाच, आणि ६ डिसेंबरही. या दिवशी धंद्याचं पत्र गप्प असणंच बरं, किंवा फार तर अभिवादनाची एक ओळ.

सांगलीच्या गिऱ्हाइकाकडे येतो, कारण सगळ्या यादीत सर्वांत काळजीने लिहायचं पत्र हेच. आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या वर्षी पुष्कळ घरांत सण होत नाही. दारात कंदील लागत नाही, तळणीचं काही होत नाही; नातलग आणि शेजारी फराळ आणून देतात. अशा घरी 'आनंदाची उधळण होवो' असं चित्र गेलं की ते टोचतं. आणि सगळ्यांना पाठवताना यांचं नाव नुसतं गाळलं, तर तेही बरं नाही. दुःखाच्या वर्षात माणसं आपल्याला टाळतात असं त्यांना वाटू शकतं. वेगळं लिहावं, हाताने लिहिता आलं तर उत्तम:

'साहेब, नमस्कार. आई गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. यंदा तुमच्याकडे सण नाही, हे ध्यानात आहे. त्या आमच्या माणसांना चहा घेतल्याशिवाय सोडत नसत, ते सगळ्यांना आठवतं. वहिनींना आणि मुलांना नमस्कार सांगा. कारखाना २४ पर्यंत बंद आहे, पण काही लागलं तर मला फोन करा.'

इथे शुभेच्छा हा शब्दसुद्धा नाही. जपानमध्ये याची लेखी पद्धतच आहे: ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलं आहे ते वर्ष संपायच्या आधी 'मोचू हागाकि' नावाची पोस्टकार्डं पाठवून कळवतात, आणि मग त्यांना नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं कुणी धाडत नाही. जपानी कंपनीशी व्यवहार असलेल्या आपल्याकडच्या लोकांनी असं कार्ड आलं तर त्याचा अर्थ ओळखावा. आपल्याकडे तशी कार्डं नाहीत, म्हणून आपल्याला तो तिसरा रकाना लागतो.

श्टुटगार्टला काय लिहायचं? तिथल्या अधिकाऱ्याला दिवाळी ठाऊक असेल किंवा नसेल, पण पुरवठा थांबणार असल्याचं कळणं त्याच्या कामाचं आहे. त्याला पत्र आठ-दहा दिवस आधी जावं आणि त्यात क्रम असा असावा: आधी दोन वाक्यांत दिवाळी म्हणजे काय आणि आमच्या कारखान्यात त्या दिवशी काय होतं, मग बंद राहण्याच्या तारखा, शेवटची रवानगी कधी, तातडीला कोणाला गाठायचं, आणि शेवटी त्याला व त्याच्या विभागातल्या सहकाऱ्यांना शुभेच्छा. धार्मिक तपशील लांबवू नये. 'त्या संध्याकाळी आमच्या यंत्रांपुढे दिवे लावतो आणि कामगारांची मुलं कारखाना बघायला येतात' हे एक वाक्य त्याला लक्ष्मीच्या आख्यानापेक्षा जास्त सांगतं, अर्थात ते आपल्याकडे खरोखर होत असेल तर. फोटो जोडायचा तर दिवे लावलेल्या प्रेसचा, कामगारांच्या संमतीने. इंटरनेटवरून उचललेला नको, आणि गिऱ्हाइकाचे भाग त्यात दिसता कामा नयेत. उलट बाजूने, त्याच्या नाताळाची पत्रं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवावीत. २४ तारखेला तिकडची ऑफिसं बहुधा ओस पडलेली असतात आणि कित्येक ठिकाणी माणसं नव्या वर्षातच परततात.

गिऱ्हाइकाच्या भाषेत एखादी ओळ लिहावी असं वाटतं, आणि ती आवडतेही. पण ती त्या भाषेच्या माणसाने वाचून दिलेली असावी. चेन्नईच्या डीलरला मोडक्या तमिळपेक्षा नीट इंग्रजी बरं. मराठी मजकूरही तितक्याच काळजीने तपासावा. 'शुभेच्छा' चुकीची छापलेली भेटकार्डं दरवर्षी दिसतात. नावं तर दोनदा पाहावीत. प्लेटिंग करून देणाऱ्या बाई स्वतः मालक आहेत, त्यांना 'सौ.' लावून पतीच्या नावाने पाकीट पाठवू नये, 'सहकुटुंब' असंही गृहीत धरू नये. 'मॅडम' किंवा 'ताई', रोज जे म्हणतो तेच.

भेटवस्तूंचा भाग पत्राशी जोडलेला असतो, म्हणून तोही पाहू. मोठ्या कंपन्या दिवाळीच्या महिनाभर आधी पुरवठादारांना कळवतात की आमच्या माणसांना काहीही आणू नका. असं पत्र आलं की ते अक्षरशः पाळायचं. 'एवढंसं मिठाईचं खोकं' म्हणून स्वागतकक्षात ठेवून येण्याने तो अधिकारी अडचणीत येतो, त्याला ते परत पाठवून लेखी नोंद करावी लागते. सरकारी कार्यालय, सरकारी बँक, वीज कंपनी, तपासणीला येणारे अधिकारी यांना फक्त पत्र. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, आणि कायदा चांदीचं नाणं सणाचं आहे का हे विचारत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्याच खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना दिवाळीच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्च करू नका, असं बजावलं होतं. जर्मनीत धंद्यातल्या भेटींवर करसवलत मिळते ती माणशी वर्षाला ५० युरोंपर्यंत, आणि कित्येक कंपन्यांची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असते. तिथे पाठवायचंच तर एका व्यक्तीला न पाठवता सगळ्या विभागाने मिळून खावं असं खोकं पाठवावं.

ज्यांना देता येतं, त्यांनाही हिशेब आहे. भेट म्हणून दिलेल्या वस्तूवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. १ जुलै २०२२ पासून, धंद्याच्या नात्यातून एकाच माणसाला एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचा लाभ दिला तर त्यावर दहा टक्के टीडीएसची तरतूद आहे. ती आपल्याला कितपत लागू होते ते सीएंना विचारावं. माझं मत विचाराल तर एवढ्या किमतीची भेट सणाची राहतच नाही. फराळाचा डबा पुरतो. खव्याची मिठाई टाळावी, ती चार दिवसांत खराब होते आणि कुरियर दोन दिवस गोदामात पडून राहतं. चिवडा, शंकरपाळे, चकली टिकतात. जैन घरी जाणाऱ्या चिवड्यात तळलेला कांदा आणि लसूण नको, मिठाईवर वर्ख नको. नाताळाचा केक कुणाला पाठवताना अंडं आहे की नाही ते वर लिहावं. चामड्याची डायरी अनेकांना चालत नाही. डब्यावर लक्ष्मीची पावलं किंवा गणपती छापू नये. ते खोकं उद्या कचऱ्यात जाणार असतं आणि ते पाहून देणाऱ्याच्याच श्रद्धेला त्रास होतो.

पाठवायची वाटही मजकुराइतकीच महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांचा ग्रुप करून शुभेच्छा देणं हा प्रकार तर करूच नये. एका झटक्यात सगळ्यांचे नंबर एकमेकांना कळतात, आणि आपला पत्रा कोण पुरवतं हेही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच. म्हणून पाठवल्यावर एक टिक असलेली नावं शोधून त्यांना वेगळं लिहावं लागतं. ईमेल करताना सगळे पत्ते 'बीसीसी'त. आणि जिथे खास वाक्य लिहिलं आहे तिथे ब्रॉडकास्ट चालतच नाही, एकेक पाठवावं. चाळीस मेसेज दोन माणसं दोन संध्याकाळींत पाठवू शकतात. सही मालकाची असावी, पण रोज ज्याचा ज्याच्याशी संबंध येतो त्याचं नावही खाली असावं. चाकणच्या खरेदी विभागाला डिस्पॅचच्या माणसाचा आवाज माहीत असतो, मालकाचा नसतो.

वेळ म्हणाल तर वसुबारसेच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी. धनत्रयोदशीपासून फोन चित्रांनी भरून वाहू लागतात आणि त्यात शब्द बुडतात. शिवाय शेवटच्या गाडीची तारीख कळवायची तर ती आधीच कळवायला हवी. पाडव्याचे 'साल मुबारक' तेवढे वेगळे ठेवावेत. अभ्यंगस्नानाच्या पहाटे साडेचारला किंवा रात्री बाराला कुणाचाही फोन वाजवू नये.

मग उत्तरं येतात. नुसत्या जोडलेल्या हातांच्या चिन्हाला उत्तर नको. पण कुणी दोन ओळी लिहिल्या असतील, मुलीच्या लग्नाचं, नव्या शेडचं, दवाखान्याचं काही कळवलं असेल, त्याला भाऊबीजेनंतर फोन जावा आणि ती बातमी यादीच्या कडेला टिपून ठेवावी. पुढच्या वर्षीचं वाक्य त्यातूनच निघतं. ज्यांना पाठवायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी आपल्याकडे दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत ती लग्नं लागतात, तोवर उशिराच्या शुभेच्छा कुणी उशिराच्या मानत नाही. तेव्हा 'कामाच्या गडबडीत राहिलं' असं लिहून मोकळं व्हावं, आणि कारखाना सुरू झाला आहे, पहिली गाडी कधी भरतो, तेही त्यातच कळवून टाकावं.